जाऊबाईंचे डबे आणि हळदीचा पिवळेपणा

*"गौरी-गणपतीत मोठ्या जाऊबाईंनी त्यांच्या पांढरट प्लास्टिकच्या संचातले तीन डबे मला दिले होते. एकात बटाट्याची पिवळी भाजी ठेवली, दुसऱ्यात कटाची आमटी, आणि तिसऱ्यात मुलाने तीच आमटी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली. आता तिन्ही डबे पिवळे पडले आहेत आणि झाकण उघडले की आमटीचा वास येतो. तारेच्या घासणीने घासले, काही उपयोग झाला नाही. खाण्याचा सोडा लावला, तर डाग उलट लालसर झाला. ब्लीचमध्ये व्हिनेगर घालून रात्रभर भिजवावे, असे मैत्रीण म्हणते. दिवाळीला डबे परत द्यायचे आहेत. असे पिवळे डबे दिले, तर मी ते नीट धुतलेच नाहीत असे जाऊबाईंना वाटेल. डब्याचे प्लास्टिक खराब न होता डाग आणि वास दोन्ही कसे घालवू?"*
*— एक वाचक, नाशिक*

मैत्रिणीच्या उपायाबद्दल आधी सांगते, कारण ती गोष्ट तुम्ही कदाचित आजच करून बघाल. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. ब्लीचमध्ये आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत किंवा स्वयंपाकघराच्या सिंकपाशी तो श्वासावाटे गेला तर घसा आणि फुप्फुसे यांना इजा होते. लिंबू, सायट्रिक आम्ल आणि संडास स्वच्छ करण्याचे आम्लयुक्त द्रव यांनाही हाच नियम लागू आहे. ब्लीच वापरायचेच असेल तर ते एकटे, थंड पाण्यात आणि अगदी शेवटी वापरायचे. त्याची गरज पडेल का, ते पुढे पाहू.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताबद्दल थोडे बोलू. पिवळा डबा म्हणजे न धुतलेला डबा, असे तुम्ही धरून चालला आहात आणि त्यामुळेच तुमचा हात तारेच्या घासणीकडे गेला. वास्तविक डब्यावर राहिलेली चिकटी आणि डब्यात मुरलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळदीला पिवळेपणा देणारे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. तुमच्यासारखे पांढरट, अर्धपारदर्शक डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यांची लवचीक झाकणे पुष्कळदा पॉलिएथिलीनची. ही दोन्ही प्लास्टिके पाण्याला दूर ठेवतात, पण तेलकट पदार्थांशी त्यांची चांगली गट्टी जमते. गरम आमटीवरचा तेलाचा तवंग हा रंग बरोबर घेऊन प्लास्टिकच्या पृष्ठभागात शिरतो आणि डबा थंड झाला की रंग तिथेच अडकून बसतो. आमटीचा डबा उजेडात धरून पाहा. तळापेक्षा, जिथपर्यंत आमटी होती त्या रेषेवर, एक गडद पिवळा पट्टा दिसेल. तवंग तिथेच टेकलेला होता. तळहातावरची मेंदी साबणाने कितीही चोळली तरी जात नाही, तसाच हा रंग आहे. त्याला वरून घासण्याचा काही उपयोग नाही. म्हणजे पिवळेपणा राहिला म्हणून डबा अस्वच्छ ठरत नाही. वास मात्र वेगळा. वास येतो आहे याचा अर्थ कुठेतरी तेल शिल्लक आहे, आणि त्याकडे लक्ष द्यायलाच हवे.

तारेची घासणी आता बाजूला ठेवा. तिने पडणारे बारीक ओरखडे डोळ्यांना दिसोत वा न दिसोत, पुढच्या वेळी त्यांच्यातच तेल आणि हळद बसते आणि डबा पहिल्यापेक्षा लवकर पिवळा पडतो. मऊ स्पंज पुरे. राख, रांगोळी किंवा भांडी घासण्याची खरखरीत पावडरही प्लास्टिकला नको.

सोड्याने डाग लाल झाला म्हणून तुम्ही घाबरलात, पण त्यात काही बिघडलेले नाही. हळद अल्कलीच्या संपर्कात आली की तांबूस होते. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू करण्याची जुनी पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. हळदीच्या कार्यक्रमातल्या साडीला साबण लागल्यावर डाग लाल होतो, हे तर घरोघरी पाहिलेले असते. लिंबाचे चार थेंब घातलेल्या पाण्याने डबा विसळला की तो पुन्हा पिवळा दिसेल. सोड्याने रंग काढला नाही, त्याची छटा तेवढी बदलली. एका अर्थी त्याने तुम्हाला कामाची माहितीच दिली आहे: हा डाग खरोखर हळदीचाच आहे आणि हळदीच्या डागावर चालणारा उपाय इथे चालेल.

तो उपाय म्हणजे ऊन. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. पिवळ्या डागाची साडी धुऊन दोरीवर टाकली की संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो, तो याच कारणाने. कर्क्युमिन निळसर-जांभळा प्रकाश शोषून घेते, म्हणूनच ते आपल्याला पिवळे दिसते, आणि तो प्रकाश शोषता शोषता त्याचे रेणू तुटत जाऊन रंगहीन होतात. यासाठी केवळ अतिनील किरणच हवेत असे नाही. त्यामुळे गच्ची किंवा अंगण नसलेल्यांना खिडकीच्या काचेआडही हे करता येते. दिवस थोडे जास्त लागतात, इतकेच. प्लास्टिकमध्ये अडकलेला रंग बाहेर ओढून काढण्यापेक्षा त्याला जागच्या जागी निकामी करणे सोपे असते, आणि साबण व घासणी जिथे पोहोचत नाहीत तिथे उजेड पोहोचतो. तुमचे डबे अर्धपारदर्शक आहेत, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी पोहोचेल.

मात्र उन्हात ठेवण्याआधी तेल निघाले पाहिजे, नाहीतर उन्हाने ते खवट होईल आणि तुमची वासाची तक्रार वाढेल. पत्र वाचून मला वाटते की ही पायरी तुमच्याकडून निसटली आहे, कारण खाण्याचा सोडा आणि घासणी ही दोन्ही तेल काढण्यात कच्ची. कोरड्या डब्यात चमचाभर बेसन घालून कोरड्या फडक्याने ते सगळीकडे चोळा, विशेषतः त्या गडद पट्ट्यावर आणि तळाच्या कोपऱ्यांत, म्हणजे वरवरचे तेल पिठात येईल. पीठ झटकून टाका. मग भांडी धुण्याचे द्रव पाणी न मिसळता थेट स्पंजवर घेऊन आतून लावा आणि दहा मिनिटे तसेच राहू द्या. त्यानंतर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याने धुवा. उकळते पाणी ओतू नका. डबा कदाचित ते सोसेल, पण पातळ झाकण वाकडे होते आणि मग ते पुन्हा नीट बसत नाही. धुतल्यावर ओल्या बोटाने आतून घासून पाहा. बोट करकरले तर तेल गेले. बुळबुळीत लागले, किंवा काठाशी बोट घसरले, तर द्रव पुन्हा एकदा लावा.

यानंतर झाकण. तुमच्या वासाचे मूळ बहुतेक तिथेच आहे. घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या आतल्या खोबणीत रबरासारखी मऊ रिंग असते. ती बहुधा सिलिकॉनची असते आणि सहज निघते. टूथपिकच्या बोथट टोकाने किंवा चमच्याच्या दांड्याने एका जागी उचलून ती ओढून काढा. सुरीने काढू नका, रिंग फाटली तर झाकणातून गळू लागते. रिंग निघाल्यावर खोबणीत पिवळसर तेलाची साय आणि कधीकधी काळे ठिपकेही दिसतात. जुन्या मऊ टूथब्रशने खोबण आणि रिंग दोन्ही साबणाने घासा. ही रिंग न काढता डबा कितीही वेळा धुतला तरी झाकण उघडले की पहिला वास तिचाच येणार.

आता ऊन. नाशिकला पावसाळा सरला की ऑक्टोबरचे कडक ऊन पडते, आणि या कामाला ते उत्तम आहे. सकाळी डबे, झाकणे आणि रिंगा वेगवेगळ्या करून गच्चीवर किंवा गॅलरीत मांडा. डबा नुसता उभा ठेवू नका. तो कलता ठेवा, म्हणजे आतली डागाची भिंत सूर्याकडे येईल, आणि दर दोन-तीन तासांनी फिरवा. झाकणे आतली बाजू वर करून ठेवा. कावळे आणि धूळ यांच्यासाठी वरून मच्छरदाणीचा तुकडा किंवा जाळीदार कापड टाका. जाड कापड घातले तर ज्यासाठी ठेवले तेच होणार नाही. पहिल्याच दिवशी एका झाकणाच्या पिवळ्या भागावर ॲल्युमिनियम फॉइलची बोटभर रुंद पट्टी लावून ठेवा. संध्याकाळी पट्टी काढली की तिच्याखालचा भाग पिवळा आणि बाजूचा फिका दिसेल. दोहोंमधली सीमा जितकी ठळक, तितका उन्हाचा उपयोग होतो आहे. रोजच्या रोज अंधूक बदल डोळ्यांना जाणवत नाही आणि माणूस वैतागून भलतेच काही करायला जातो. ही पट्टी तो वैताग वाचवते.

किती वेळ लागेल? बटाट्याच्या भाजीचा डबा फार गरम झालेला नव्हता असे धरले, तर त्याचा पिवळेपणा एक-दोन स्वच्छ दिवसांत बराच उतरावा. आमटीच्या डब्यावरचा तवंगाचा पट्टा अधिक खोल गेलेला असतो. त्याला तीन-चार दिवस द्या. त्या पट्ट्यात हळदीबरोबर तिखटाचा तांबूस रंगही असेल. तोही तेलात विरघळणारा आणि उजेडाने फिका पडणाराच आहे, त्यामुळे उपाय बदलण्याची गरज नाही. ऊन मात्र आठवडेच्या आठवडे दाखवू नका. अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीन हळूहळू ठिसूळ होते. गच्चीवर वर्षभर राहिलेला प्लास्टिकचा मग बोटाने दाबला की तडकतो, हे त्याचेच फळ. काही दिवसांच्या उन्हाने तसे होत नाही. डागात दिवसागणिक फरक दिसेनासा झाला की डबे घरात आणा.

उन्हाने पट्टा पूर्ण गेला नाही तर काय, असे तुम्ही विचाराल. तेव्हा दोन मार्ग आहेत आणि दोन्हींना मर्यादा आहेत. पहिला मार्ग म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे, सुगंध न मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल. कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये चांगले विरघळते. कापसाच्या बोळ्यावर थोडे घेऊन पट्ट्यावर दाबून धरा, मग पुसा. कापूस पिवळा झाला की तो बदला. कापूस पांढराच राहू लागला, म्हणजे वरच्या थरातून निघण्यासारखा रंग निघाला. आणखी चोळून काही मिळणार नाही. हे करताना गॅस बंद असावा आणि खिडक्या उघड्या असाव्यात, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते. हाताला लावायचे जेलचे सॅनिटायझर यासाठी वापरू नका. त्यातले सुगंधी द्रव्य डब्याला चिकटते आणि पुढे आठवडाभर पोळीला लॅव्हेंडरचा वास येतो.

हा उपाय कोणत्या प्लास्टिकवर करायचा, हे आधी पाहिले पाहिजे. डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. 5 हा पॉलिप्रॉपिलीनचा, तर 2 आणि 4 हे पॉलिएथिलीनचे. या तिघांना थोडे अल्कोहोल चालते. काचेसारखा स्वच्छ, कडक, टिचकी मारली की टणक वाजणारा डबा असेल, किंवा तळाशी 6 वा 7 हा आकडा असेल, तर मात्र थांबा. पॉलिस्टायरिन, ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट यांच्यासारख्या कडक प्लास्टिकांवर अल्कोहोलने केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटू शकते, आणि ते पुन्हा जात नाही. अशा डब्यांना साबण आणि ऊन यांच्यापलीकडे काही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नखाचा रंग काढण्याचे द्रव आणि थिनर तर कोणत्याही डब्यापासून दूरच ठेवा.

दुसरा मार्ग ब्लीचचा. एक लिटर थंड पाण्यात एक मोठा चमचा साधे, बिनसुवासिक ब्लीच घालून डबा अर्धा तास बुडवून ठेवा. त्याहून जास्त वेळ नाही, आणि रात्रभर तर नाहीच. ब्लीच अल्कलीयुक्त असल्यामुळे डाग आधी क्षणभर लालसर होईल आणि मग फिका पडू लागेल. ते पाहून दचकू नका आणि लालसरपणा घालवायला त्यात लिंबू तर अजिबात पिळू नका. आधी लिंबाने विसळलेला डबाही ब्लीचमध्ये घालण्यापूर्वी साबणाने धुऊन घ्या. नंतर वाहत्या पाण्याखाली तीन-चार वेळा विसळून, पुन्हा एकदा साबणाने धुऊन, झाकण न लावता वाऱ्यावर ठेवा. डब्याचा वास जावा म्हणून लोक ब्लीच वापरतात आणि मग ब्लीचच्या वासाची तक्रार करतात, ती बहुतेक अपुऱ्या विसळण्यामुळे किंवा ओलसर डब्याला झाकण लावल्यामुळे असते. मला विचाराल तर चार दिवसांच्या उन्हानंतर ब्लीचची गरज क्वचितच पडते, आणि थोडी पिवळसर झाक उरली तरी ती ब्लीचपेक्षा बरी.

तेल निघाले, रिंग स्वच्छ झाली आणि ऊन लागले, तरी लसणाचा किंवा हिंगाचा वास थोडा रेंगाळू शकतो. हे वास गंधकयुक्त द्रव्यांचे असतात. तीही तेलासारखीच प्लास्टिकमध्ये मुरतात आणि सावकाश बाहेर पडतात. त्यांना बाहेर पडायला उबदार, कोरडी आणि मोकळी हवा लागते, म्हणून डबा झाकण न लावता ठेवणे हाच खरा उपचार आहे. वास आंबूस किंवा खवट असेल, तर एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून डबा रात्रभर त्यात ठेवा. सोड्याचे खरे काम इथे आहे, डागावर नाही. उरलेला पिवळेपणा त्यात पुन्हा तांबूस झाला, तर शेवटच्या विसळणीत लिंबाचे थेंब टाका. व्हिनेगरने भिजवण्याचाही सल्ला दिला जातो, पण त्याचा स्वतःचा वास मऊ झाकणाला काही काळ राहतो, आणि एक वास घालवायला दुसरा आणणे मला पटत नाही. वास खरोखर गेला का, हे उघड्या डब्यात नाक घालून कळत नाही. कोरड्या डब्याला रिंगेसह झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडल्याबरोबर हुंगा. वास आला, तर आधी रिंग वेगळी काढून हुंगून पाहा. दोष तिचाच असेल तर तिला आणखी एक-दोन दिवस ऊन द्या. सिलिकॉनला उन्हाचे भय नाही.

पुढच्या वेळेसाठी एवढेच, की आमटी आणि रस्सा कोमट झाल्यावरच प्लास्टिकच्या डब्यात ओता आणि गरम करायचे झाल्यास स्टीलच्या पातेल्यात किंवा काचेच्या भांड्यात काढून घ्या. आमटी भरण्यापूर्वी डब्याला तेलाचा हात लावला की डाग पडत नाही, असे कोणी सांगेल. हळद तेलातच विरघळते हे लक्षात घेता तो उपाय मी करणार नाही.

राहिला तिसरा, मायक्रोवेव्हमधला डबा. त्याच्याबद्दल मी तुम्हाला फार आशा दाखवत नाही. पाणी उकळते त्याहून तेल खूप जास्त तापते, त्यामुळे तवंगाच्या जागी प्लास्टिक मऊ होते आणि रंग खोलवर शिरतो. त्या रेषेवरून बोट फिरवा. जागा गुळगुळीत असेल, तर वरचे सगळे उपाय त्यालाही करून पाहा. खरखरीत लागली, बारीक फोड किंवा पांढरट खड्डे दिसले, तर तिथले प्लास्टिकच पोळले आहे. त्यातला पिवळेपणा उन्हाने कमी होईल, पण खड्डे राहतील आणि त्यांत तेल साठत राहील. असा डबा ओल्या पदार्थांसाठी पुन्हा वापरू नये आणि परतही देऊ नये. साबुदाणा किंवा पोहे ठेवायला तो तुमच्याकडेच राहू द्या.

त्या एका डब्यापुरते जाऊबाईंना दिवाळीची वाट न पाहता फोन करून सांगा, आणि उरलेल्या दोन डब्यांवर पिवळसर झाक राहिली असेल तर तेही त्याच फोनवर सांगा. झाकण उघडल्यावर वास येत नसेल, तर कोणत्याही स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्या झाकेचे कारण समजावून सांगावे लागत नाही. बदली डबा आणायचा असेल तर संचाचे नाव आणि डब्याचे माप त्यांनाच विचारा, किंवा जुना डबा झाकणासकट दुकानात घेऊन जा, कारण दिसायला सारख्या असलेल्या दोन संचांची झाकणे एकमेकांना बसत नाहीत.